राऊंडची यादी: सरांच्या बोलण्यातून कामे वेगळी काढण्याच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आमच्या मेडिसिन युनिटच्या सकाळच्या राऊंडमधून त्या दिवसाच्या कामांची एकच, सर्वांना दिसणारी यादी निघावी, हे काम मी आजपासून हाती घेतले आहे. त्याला कारण गेल्या गुरुवारची घटना आहे. बेड २२ वर हार्ट फेल्युअरच्या ६२ वर्षांच्या बाई आहेत. त्यांच्यापाशी युनिटचे सर म्हणाले, "यांचं पोटॅशियम बघून घ्या, जास्त आलं तर स्पायरोनोलॅक्टोन थांबवा." इंटर्नने वहीत 'पोटॅशियम' एवढाच शब्द लिहिला, अकरा वाजता सॅम्पल पाठवले आणि त्या शब्दापुढे बरोबरची खूण केली. दुपारी दोनच्या सुमारास ६.१ असा, म्हणजे धोक्याइतका जास्त, रिपोर्ट संगणकावर आला. तो मी संध्याकाळी साडेसहाला, दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट शोधताना पाहिला. दरम्यान स्पायरोनोलॅक्टोनची, म्हणजे पोटॅशियम आणखी वाढवणारी, दुपारची गोळी देऊन झाली होती. ईसीजीत बदल नव्हता, उपचार लगेच सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोटॅशियम खाली आले, म्हणून हे प्रकरण नोंदीपुरते राहिले.

यात कोणी आळस केला असे मला वाटत नाही. इंटर्नच्या समजुतीप्रमाणे तिचे काम सॅम्पल पाठवण्याचे होते आणि ते तिने वेळेत केले होते. रिपोर्ट कोण पाहणार, हे सरांनी सांगितले नव्हते, कारण ते उघडच आहे असे त्यांना वाटते. गोळी कोण थांबवणार, हेही कोणी विचारले नव्हते. सरांच्या एका वाक्यात तीन कामे होती, वहीत त्यांतले एक उतरले आणि खूण मात्र तिन्हींवर झाली.

वॉर्ड ३६ खाटांचा आहे. पावसाळ्यात जमिनीवरच्या गाद्या धरून पेशंट चव्वेचाळीसपर्यंत जातात. राऊंडला सर, मी म्हणजे सेकंड इयरची निवासी डॉक्टर, दोन फर्स्ट इयर, तीन इंटर्न आणि जमेल तेव्हा सिस्टर इन्चार्ज असतात. राऊंड आठला सुरू होतो आणि साडेदहाच्या पुढे-मागे संपतो.

८ जुलै, मंगळवार

आज राऊंड झाल्यावर तिघांच्या वह्या मागून घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. बेड ११ वर सर चार-पाच मिनिटे बोलले होते. एका फर्स्ट इयरने 'सीटी' लिहिले होते, दुसऱ्याने 'क्रिएटिनिन आल्यावर सीटी' आणि इंटर्नच्या वहीत त्या बेडपुढे काहीच नव्हते, कारण त्या वेळी ती बीपी मोजत होती. सीटी कॉन्ट्रास्ट देऊन करायचा होता, त्यामुळे आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम दाखवणारा आकडा, पाहणे हीच सरांची अट होती. पहिल्या वहीच्या भरवशावर पेशंट सीटीला गेला असता, तर तिथल्या टेक्निशियनने रिपोर्ट मागितला असता आणि पेशंट ट्रॉलीवरून परत आला असता. हे महिन्यातून दोन-तीनदा घडतेच.

दुसरी गोष्ट अधिक धोक्याची निघाली. सरांचे बोलणे खाटांच्या क्रमाने चालत नाही. बेड १७ पाशी उभे असताना त्यांना मागचे काही आठवले आणि ते म्हणाले, "आणि त्या नऊ नंबरच्या आजींचं कॅथेटर आज काढून टाका." एका वहीत हे काम बेड १७ च्या खाली लिहिले गेले होते. बेड १७ च्या आजोबांनाही कॅथेटर होते, आणि ते प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली म्हणून परवाच मोठ्या प्रयत्नाने घातलेले होते. सिस्टरांनी विचारले म्हणून ते राहिले.

त्यामुळे पहिला नियम असा ठरला की, लिहिणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत यावरून बेड नंबर लिहायचा नाही, जो नंबर कानावर पडला तोच लिहायचा, आणि नंबर उच्चारला गेला नसेल तर त्याच क्षणी विचारायचा. शिवाय नंबराला पेशंटच्या नावाची जोड हवी, कारण आमच्याकडे दुपारी खाटा बदलतात आणि सकाळचा १७ संध्याकाळी १४ ला असू शकतो.

९ जुलै, बुधवार

राऊंड मोबाईलवर रेकॉर्ड करून दुपारी ऐकून यादी करावी, ही फर्स्ट इयरची सूचना आज करून पाहिली आणि आजच सोडली. पंखे, शेजारच्या पेशंटचा खोकला आणि ट्रॉलीची चाके यांतून सरांचा आवाज अर्धाच ऐकू येतो. अडीच तासांचे बोलणे पुन्हा ऐकायला अडीच तास लागतात. पेशंटांचे आजार त्यांच्या नकळत एखाद्या डॉक्टरच्या खासगी फोनमध्ये साठवणे मुळातच योग्य नाही. खरी अडचण मात्र निराळी होती. सर म्हणाले, "हे कशाला आहे?" आणि ते बोट दाखवत होते, ते रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही.

११ जुलै, शुक्रवार

दोन दिवस मी सरांची वाक्ये शब्दशः कागदावर उतरवत होते. ती वाचताना लक्षात आले की, गोंधळाचे मूळ बरेचसे क्रियापदांच्या शेपटीत आहे. एका 'बघणे' या धातूचीच सरांच्या तोंडी पाच रूपे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा होतो.

'बघून घ्या' म्हणजे तपासणी आजच व्हायची, रिपोर्ट आपणच पाहायचा आणि ठीक असेल तर सरांना कळवण्याची गरज नाही. 'बघून सांगा' म्हणजे रिपोर्ट पाहून झाला तरी काम संपलेले नाही, सरांच्या कानावर गेल्यावरच ते संपते. 'बघा' हे बहुतेक वेळा काम नसतेच, कारण सर शिकवत असतात: "डोळे बघा याचे, पिवळे आहेत की नाही?" 'बघू' म्हणजे निर्णय पुढे ढकललेला आहे. 'बघायला हवं' हे सर्वांत अवघड, कारण ते स्वतःशी बोललेले असते. त्यातून अर्धे वेळा हुकूम निघतो आणि अर्धे वेळा काहीच निघत नाही. हे रूप ऐकू आले की विचारायचे, एवढाच उपाय आहे.

'राहू दे' याला तर दोन विरुद्ध अर्थ आहेत. चालू असलेल्या औषधाबद्दल 'राहू दे' म्हणजे ते तसेच चालू ठेवा, आणि अजून न केलेल्या गोष्टीबद्दल 'राहू दे' म्हणजे ती करू नका. औषध काल सुरू झाले आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, त्या इंटर्नला हा फरक कळण्याचा मार्गच नाही. 'एक्स-रे काढा' हेही असेच आहे. कधी तो नवा काढायचा असतो, तर कधी गादीखालच्या पाकिटातून बाहेर काढायचा असतो. मागच्या महिन्यात एका पेशंटचा एक्स-रे याच कारणाने दोनदा निघाला होता.

या सगळ्या रूपांत कर्ता कुठेच नाही. 'पाठवून द्या', 'दाखवून ठेवा', 'करून टाका' हे सगळे आज्ञार्थ समोरच्या सात माणसांना एकदम उद्देशून असतात, आणि सातांना सांगितलेले काम कोणाचेच नसते. सरांनी बोलण्याची पद्धत बदलावी, असा आग्रह मी धरणार नाही. ते बोलत बोलतच विचार करतात, आणि त्या विचारातूनच निदान निघते, हे मी दीड वर्ष पाहते आहे. कर्ता घालण्याचे काम यादीने करायचे आहे.

१४ जुलै, सोमवार

आज एका बेडचे पूर्ण उदाहरण करून पाहिले. बेड १४, वय ३४, भातलावणी करणारा शेतकरी. पाच दिवसांचा ताप, कावीळ, लघवी कमी. काल रात्री दाखल झालेला. सरांचे बोलणे मी शक्य तेवढे जसेच्या तसे लिहिले ते असे:

"हा कालचाच ना? डोळे बघा याचे. शेतात असतो ना हा, भातलावणी, बरोबर. लेप्टो पाठवलं का? पाठवा. युरिन किती आहे? कोणी मोजलंय? नाही मोजलं. मोजा बाबांनो. क्रिएटिनिन दोन पॉइंट आठ, मग अमिकासिन कशाला चालू आहे? बंद करा ते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन राहू दे. प्लेटलेट किती, बेचाळीस हजार? ब्लीडिंग नाहीये ना? मग राहू दे, उगीच लावू नका. किडनीवाल्यांना दाखवून ठेवू... नको, उद्याचं क्रिएटिनिन येऊ दे, मग बघू. याच्या थुंकीतून रक्त आलं किंवा सॅच्युरेशन पडलं तर मला लगेच फोन करा, रात्र असली तरी. एक्स-रे काल काढला होता ना? मी पाहिला नाही."

याच्या चिरफाडीला आम्हाला राऊंडनंतर वीस मिनिटे लागली, पण त्यातून पुढची बरीच पद्धत बसली.

किडनीला त्रास देणारे अमिकासिन बंद करणे हे यातले सर्वांत तातडीचे काम होते, कारण दहाचा डोस सिस्टरांच्या ट्रेमध्ये भरून ठेवलेला होता. सरांनी मात्र ते वैतागाच्या सुरात, प्रश्नाच्या पोटात सांगितले होते आणि पहिल्या कच्च्या यादीत ते सहाव्या ओळीवर गेले होते. औषध बंद करण्याचे काम ट्रीटमेंट चार्टवर ओळ मारून आणि सही करून पूर्ण होत नाही, ते सिस्टरांना तोंडी सांगितल्यावर पूर्ण होते, कारण चार्ट पाहण्याआधीच ट्रे भरलेला असतो.

'मोजा बाबांनो' यातून काम तयार करायला सर्वांत जास्त वेळ लागला. कोणी, किती वेळाने मोजायचे आणि किती आले तर काय करायचे, हे त्यात काहीच नाही. एका पाळीत दोन सिस्टर चाळीस पेशंट पाहतात. त्यांच्याकडून दर तासाला मोजमाप मागणे म्हणजे खोटे आकडे मागणे होय. म्हणून युरोबॅग दर चार तासांनी रिकामी करून आकडा लिहायचा, असे ठरले. पेशंट साठ किलोचा आहे. ताशी दर किलोला अर्धा मिलीलिटर या हिशेबाने चार तासांत १२० मिलीलिटर व्हायला हवे, आणि त्याखाली आले तर फर्स्ट इयरला फोन करायचा. हा आकडा यादीत लिहिल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता कळलं कधी फोन करायचा ते. नुसतं 'लक्ष ठेवा' म्हटलं की आम्ही एक तर सारखा फोन करतो, नाही तर करतच नाही."

दोन 'राहू दे' वेगळे लिहिले: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू, प्लेटलेट देऊ नये. 'देऊ नये' हे काम नाही, तरी ते यादीत हवे, असे माझे मत आहे. रात्रीच्या ड्यूटीवरचा डॉक्टर ४२ हजारांचा आकडा पाहून घाबरतो, नातेवाईकांना रक्तपेढीत पिटाळतो, आणि सकाळी सर विचारतात की हे कोणी सांगितले. किडनीच्या डॉक्टरांचा रेफरन्स सरांनी स्वतःच मागे घेतला होता. फर्स्ट इयरच्या वहीत तो होता, कारण 'नको' म्हणेपर्यंत त्याचे लिहून झाले होते. एक्स-रे नवा काढायचा नव्हता, तो संध्याकाळच्या राऊंडला सरांपुढे ठेवायचा होता.

शेवटी कागदावर उतरले ते असे:

> १४ / आ. / लेप्टो?
> अमिकासिन बंद, सिस्टरांना तोंडी सांगणे — फर्स्ट इयर (अ) — आत्ता — ९.४० झाले
> लेप्टो आयजीएम सॅम्पल — इंटर्न १ — ११.३० च्या आत
> लघवी दर ४ तासांनी. १२० मिलीच्या खाली तर फोन — सिस्टर → फर्स्ट इयर (अ)
> कालचा एक्स-रे सरांना दाखवणे — इंटर्न २ — ५ चा राऊंड
> उद्या ६ वाजता क्रिएटिनिन. रिपोर्ट पाहणार फर्स्ट इयर (ब), सरांना राऊंडला सांगणार
> जर थुंकीत रक्त किंवा सॅच्युरेशन ९४ च्या खाली → आधी ऑक्सिजन, मग सरांना फोन, रात्रीही — ड्यूटी डॉक्टर
> करू नये: प्लेटलेट (रक्तस्राव नसताना), किडनी रेफरन्स (उद्यापर्यंत)

सॅच्युरेशनचा आकडा सरांनी सांगितला नव्हता. 'पडलं तर' यातले 'पडणे' किती, हे मी त्यांना नंतर विचारले. लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव सुरू झाला की पेशंट काही तासांत व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो, म्हणून त्यांनी ९४ ही जरा वरचीच मर्यादा दिली. मी मनाने ९० लिहिणार होते.

१५ जुलै, मंगळवार

तातडी कशी ठरवायची, यावर आज बराच खल झाला. 'अतितातडीचे, तातडीचे, नेहमीचे' असे तीन गट आम्ही आधी केले होते. आठवडाभरात त्यांची गत अशी झाली की, अर्धी यादी अतितातडीची होती. सरांच्या आवाजावरून गट पडत होते, आणि सरांचा आवाज सर्वांत मोठा होतो तो डिस्चार्ज कार्डावरच्या अक्षरासाठी. इन्सुलिनचा डोस ते पुटपुटल्यासारखा सांगतात.

त्याऐवजी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा ठरवले: हे केव्हा केले तर उशीर झाला असे म्हणावे लागेल? उत्तर घड्याळात द्यायचे. आमच्या दिवसाला काही ठरलेल्या वेळा आहेत. साधी रक्ताची सॅम्पल घेऊन वॉर्डबॉय मामा साडेअकराला लॅबकडे निघतात, त्यानंतरचे सॅम्पल इमर्जन्सी लॅबमध्ये जाते आणि तिथे फक्त मोजक्याच तपासण्या होतात. सोनोग्राफीची यादी दहाला बंद होते. शासकीय योजनेतून करायच्या तपासण्यांची कागदपत्रे आरोग्यमित्र दुपारी एकपर्यंत घेतात. म्हणून वरवर किरकोळ वाटणारे 'उद्याच्या सोनोग्राफीचा फॉर्म भरणे' हे काम दहाच्या आत न झाल्यास एक दिवस वाया जातो, आणि महत्त्वाचे वाटणारे 'डायबेटिक पायाबद्दल सर्जनचे मत' संध्याकाळी चारला घेतले तरी चालते, अर्थात पाय काळा पडत नसेल आणि पेशंट तापलेला नसेल तर.

आता चार कप्पे आहेत: आत्ता, साडेअकराच्या आत, पाचच्या राऊंडच्या आत आणि उद्या सकाळी. 'आत्ता' या कप्प्याबद्दल एक गोष्ट आम्ही चुकत होतो. यादी राऊंड संपल्यावर साडेदहाच्या पुढे तयार होते, म्हणजे 'आत्ता' लिहिलेले काम तोवर दोन तास उशिराचे झालेले असते. त्यामुळे असे काम यादीची वाट पाहत नाही. ते उच्चारले गेले की एक माणूस राऊंड सोडून जातो, करून परत येतो आणि किती वाजता झाले ते सांगतो. यादीत त्याची फक्त वेळ लागते. राऊंडमधून माणूस निघून गेला की सर नाराज होतील, ही भीती खोटी ठरली. माणूस कशासाठी गेला हे त्यांना दिसते, तेव्हा त्यांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

१७ जुलै, गुरुवार

सिस्टर इन्चार्जनी आज मला बाजूला घेऊन सांगितले, "डॉक्टर, तुमची ही यादी म्हणजे माझ्यासाठी पाचवी वही झाली." त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही त्यांना न विचारता त्यांच्या नावावर कामे टाकत होतो. त्यांच्या पाळ्या आठ, दोन आणि आठला बदलतात, तर आमची यादी चोवीस तासांची. सकाळच्या सिस्टरांच्या नावावरचे काम दोननंतर कोणाचे, हे लिहिलेलेच नव्हते.

दोन बदल केले. राऊंड संपल्यावर नर्सिंग स्टेशनवर दहा मिनिटे सर्वांनी उभे राहायचे, आणि प्रत्येक ओळ ज्याच्या नावावर जाणार त्याने 'घेतलं' म्हटल्याशिवाय नाव लिहायचे नाही. सिस्टरांची कामे व्यक्तीच्या नावाने न लिहिता पाळीच्या नावाने लिहायची आणि दोनच्या व आठच्या बदलाला तीच ओळ पुढच्या पाळीला वाचून दाखवायची.

याच दहा मिनिटांत क्रमही बदलतो. राऊंडमध्ये लिहिताना बेडनुसार लिहायचे, कारण ऐकताना दुसरे काही सुचत नाही. मग एकदाच माणसानुसार आणि वेळेनुसार उतरवायचे. ऐकता ऐकता वर्गवारी करण्याचा प्रयत्न मी केला होता आणि पुढचे वाक्य हुकले होते. माणसानुसार उतरवल्यावर आजच दिसले की, इंटर्न १ च्या नावावर साडेअकराच्या आतली अकरा कामे होती आणि इंटर्न ३ च्या नावावर दोन. पहिली जवळ उभी असते आणि पटकन 'हो' म्हणते, एवढेच त्याचे कारण होते.

नातेवाईकांचे नाव कर्त्याच्या जागी लिहिणे बंद केले आहे. 'रक्त आणणे — नातेवाईक' असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. नातेवाईक जातात, पण फॉर्मवर सही राहिली किंवा सॅम्पलच्या बाटलीवर नाव नाही म्हणून परत येतात आणि कोणाला सांगायचे ते न कळून खाटेजवळ बसून राहतात. आता तिथे इंटर्नचे नाव असते, आणि नातेवाईक त्याच्यासोबत जातात.

यादीच्या कागदाबद्दल एक गोष्ट: काल एक प्रत कँटीनच्या टेबलावर सापडली. आता नावाऐवजी आद्याक्षर लिहितो, एचआयव्हीसारख्या गोष्टी यादीत लिहीत नाही, आणि रात्री आठला जुना कागद फाडतो.

२२ जुलै, मंगळवार

प्रत्येक बेडपाशी सर्व सूचना सरांना परत वाचून दाखवायच्या, हे मी गेल्या आठवड्यात सुरू केले होते. त्याने राऊंड चाळीस मिनिटांनी लांबला आणि तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मी काय बोललो ते मला माहीत आहे." त्यामुळे आता फक्त तीन प्रकारच्या गोष्टी परत वाचतो: आकडे, बंद करायची औषधे आणि 'जर-तर' असलेली वाक्ये. एका बेडला दहा-पंधरा सेकंद लागतात.

त्याचा उपयोग आज दिसला. बेड ३१ च्या मधुमेही काकांसाठी सर रात्रीचे ग्लार्जिन इन्सुलिन सांगत होते. फर्स्ट इयरने 'फिफ्टी युनिट' असे ऐकले आणि तसेच परत वाचले. सर चालता चालता थांबले. "पंधरा रे, पंधरा! पन्नास दिलं तर सकाळी उठेल का तो?" इंग्रजीतल्या फिफ्टीन-फिफ्टीचा हा घोळ जुनाच आहे, पण मराठीतही सदतीस आणि सत्तेचाळीस पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा परत वाचताना सुटा सुटा वाचायचा: एक-पाच युनिट.

२५ जुलै, शुक्रवार

आज पुन्हा पोटॅशियम. बेड ६, किडनीचा जुना आजार, उलट्या-जुलाब होऊन दाखल झालेले गृहस्थ. घरी टेल्मिसार्टन हे पोटॅशियम वाढवू शकणारे बीपीचे औषध चालू होते. सर जवळजवळ तेच वाक्य बोलले: "पोटॅशियम बघून घ्या, वाढलं असेल तर करेक्ट करा." यादीत त्याच्या तीन ओळी झाल्या. सॅम्पल इंटर्न २, इमर्जन्सी लॅब, आत्ता. रिपोर्ट दीड वाजेपर्यंत पाहणार फर्स्ट इयर (ब), दीडपर्यंत आला नाही तर लॅबला फोन. सहाच्या वर असेल तर ईसीजी आणि उपचार, जबाबदारी माझी, आणि रिपोर्टची वाट न पाहता टेल्मिसार्टन आत्ताच बंद.

एक वाजून दहा मिनिटांनी फर्स्ट इयरने रिपोर्ट उघडला: ६.६. सॅम्पलमधल्या पेशी फुटल्यामुळे आकडा खोटा वाढलेला असू शकतो, म्हणून पुन्हा पाठवावे का, असे त्याने विचारले. प्रश्न बरोबर होता, पण ईसीजीत टी लाटा उंच आणि टोकदार दिसत होत्या, तेव्हा दुसरे सॅम्पल पाठवले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. दहा टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलीलिटर मॉनिटर लावून सावकाश दिले. मग २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलीलिटर आणि त्यात साधे इन्सुलिन १० युनिट.

इथे यादीत एक भोक सापडले. इन्सुलिननंतर पुढचे काही तास दर तासाला साखर तपासावी लागते, आणि किडनी कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून साखर उशिराही पडू शकते. हे काम राऊंडमध्ये जन्मलेले नव्हते, ते दुपारी दीडला जन्मले, आणि राऊंडच्या यादीत त्याला जागाच नव्हती. दोन वाजता सिस्टरांची पाळी बदलली. तीनची साखर इंटर्नने स्वतः पाहिली म्हणून ६८ सापडली आणि डेक्स्ट्रोज दिले गेले. उद्यापासून यादीच्या खाली सहा मोकळ्या ओळी ठेवत आहोत. राऊंडनंतर निघालेले काम तिथेच, कर्त्यासह आणि वेळेसह लिहायचे आणि पाळी बदलताना आधी त्याच ओळी वाचायच्या.

३१ जुलै, गुरुवार

'बघू' म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टींसाठी कागदाच्या मागच्या बाजूला एक कप्पा ठेवला होता. त्या रोज उद्याच्या यादीत टाकल्या तर यादी फुगते आणि टाकल्या नाहीत तर हरवतात. दोन आठवड्यांत तिथे सव्वीस ओळी जमल्या. दर गुरुवारी राऊंडनंतर त्या सरांना वाचून दाखवायच्या, असे ठरले होते, आणि आज पहिला गुरुवार होता.

सर खुर्चीत बसले, चहा घेतला आणि एकेक ओळीवर बोट ठेवत गेले. पेशंट घरी गेल्यामुळे आठ ओळी आपोआपच सुटल्या. चार ओळींपाशी ते म्हणाले, "हे मी बोललो होतो?" आणि त्या खोडल्या. दहा तशाच पुढच्या गुरुवारवर गेल्या, तीन आजच्या पाचच्या राऊंडला घेतल्या. मग बेड २९ ची ओळ आली: वजन कमी होणारे, कायम थकलेले, सोडियम सारखे कमी असलेले आजोबा, आणि पुढे माझ्या अक्षरात 'कॉर्टिसॉल — बघू, १८ जुलै'. सरांनी कप खाली ठेवला. "हे तेरा दिवस इथे पडलंय? उद्या सकाळी आठला सॅम्पल. कोण घेणार?"

इंटर्न ३ ने 'घेतलं' म्हटले आणि मी नाव लिहिले.